ताटल्याबाईंची रांग

तंत्रशाळेत संगणक शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे ताटल्याबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. चोवीस वर्षं नोकरी करून माणसाला एखादं नाव मिळालं, तेही शिवीसारखं नाही, हे काही थोडं नाही.

नाव पडलं ते एका तासामुळे. दर वर्षी दुसऱ्या महिन्यात बाई कॅन्टीनमधून स्टीलच्या बारा ताटल्या उचलून वर्गात आणत आणि टेबलावर एकावर एक खण् खण् रचत. "ही चळत. संगणकात हिला स्टॅक म्हणतात. ठेवायची ती वर, उचलायची तीही वरूनच. शेवटी आलेली पहिली जाते. मधली ओढायला जाल तर सगळ्या पायावर घ्याल." मग सहा मुलांना फळ्यापुढे उभं करत. "आणि ही रांग, म्हणजे क्यू. यायचं मागून, जायचं पुढून. पहिला आला तो पहिला सुटला. आता सांगा, तहसीलदार कचेरीत चळत असती तर काय झालं असतं?" मुलं हसत. "सकाळी सातला आलेला म्हातारा संध्याकाळी पाचलाही तिथेच," बाई म्हणत, "आणि पाचला पाच मिनिटं कमी असताना आलेला दाखला घेऊन घरी." शिकवण्यात बाईंचा हात धरणारा कोणी नव्हता, हे त्यांच्यावर जळणारेही कबूल करत.

ताटल्या द्यायचे कॅन्टीनचे काका. काका-काकू दोघं मिळून ते कॅन्टीन चालवत. काका मापात बोलत, काकू मापाबाहेर. पहिल्या वर्षी बाई ताटल्या परत करायला गेल्या तेव्हा काकांनीच त्यांना एक गोष्ट सांगितली होती. "बाई, धुतलेली ताटली वर जाते, वरचीच परत वाढायला निघते. खालच्या चार तशाच धूळ खात बसतात. म्हणून मी शनिवारी अख्खी चळत उलटी करतो." बाईंनी ते वाक्य त्याच आठवड्यात वर्गात वापरलं आणि पुढे दर वर्षी. "तुमच्या काकांना डिग्री द्यायला हवी," असं वर सांगत.

शहरात एक धर्मादाय नेत्र रुग्णालय होतं. तिथे चष्म्याच्या दुकानांतून, शिबिरांतून पाठवलेली माणसं तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवण्यासाठी नाव नोंदवत. नावं एका वहीत असत, ती वही एकदा चहात भिजली, आणि रुग्णालयाच्या चिटणीसांनी बाईंना गळ घातली. बाईंनी सुट्टीत बसून त्यांना एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. नाव टाका, 'पुढचा' बटण दाबा, नाव येईल, फोन करा. एक पैसा घेतला नाही. रुग्णालयाने शाल दिली. बाईंनी ती स्टाफरूममध्ये दोन दिवस खुर्चीवर टाकून ठेवली होती, दिसेल अशी.

आणि इथेच घोडं पेंड खात होतं. सुट्टी संपत आली होती, बाईंना घाई होती. वर्गात दाखवायला लिहिलेला एक तुकडा तयार होता, यादीच्या शेवटी नाव घाला, यादीतलं शेवटचं नाव काढा. तोच त्यांनी उचलून चिकटवला. पुढून काढायचं तर थोडं जास्त लिहावं लागलं असतं, नंतर बघू म्हणाल्या. तपासायला तीन नावं टाकली, तीन निघाली. किती निघाली ते बाईंनी मोजलं, कोणतं आधी निघालं ते पाहिलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय म्हणायचं?

सहा वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नाही. तेव्हा दोन डॉक्टर होते. आठवड्यात तीस नावं येत आणि शनिवारपर्यंत तीसही संपत. चळत दर आठवड्याला पुरती रिकामी होत असेल तर तळाची ताटली काय नि वरची काय, सगळ्या वापरात येतात. मग एक डॉक्टर सोडून गेले. नावं तीसच येत राहिली, बोलावणी मात्र बावीसच जाऊ लागली. दर आठवड्याला आठ माणसं तळाला राहायची, पुढच्या आठवड्याची माणसं त्यांच्यावर येऊन बसायची. खाली गेलेल्याचा नंबर कधीही येणार नव्हता.

त्याच सुमारास काकांना डाव्या बाजूने येणारी माणसं दिसेनाशी झाली. चहाचा कप कडेला ठेवला की पडायचा. चष्मेवाला म्हणाला, डोळ्याच्या आत दाब वाढल्यासारखा वाटतोय, डॉक्टरांना दाखवाच. काकांनी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "अहो, तिथला प्रोग्रॅम माझाच आहे. नाव द्या आणि निर्धास्त राहा."

काकांनी नाव दिलं. दोन महिने फोन आला नाही. काकू बाईंना गाठून म्हणाल्या, "तुमची ओळख आहे, जरा पुढे सरकवा ना ह्यांना."

बाई तत्त्वाच्या. "काकू, रांग ती रांग. ओळखीने पुढे घुसायचं तर मग मी शिकवते कशाला?"

"तत्त्व डोळ्यात घालता येतं का?" काकू म्हणाल्या. काकांनी त्यांना गप्प केलं.

चौथ्या महिन्यात काका स्वतः आले. हातात पुसायचं फडकं तसंच. "बाई, एकजण सांगत होता, परत जाऊन नवीन नाव दिलं की लवकर बोलावतात. देऊ का?"

बाईंना हसू आलं. "उलट मागे जाल, काका. नवीन नाव म्हणजे रांगेच्या शेवटी. आहात तिथे थांबा. नंबर आल्याशिवाय राहत नाही."

"बरं," काका म्हणाले आणि थांबले.

नवव्या महिन्यात स्टाफरूममध्ये वर्कशॉपचे सर डबा खाताना सहज सांगू लागले की त्यांच्या सासूबाईंनी सोमवारी नेत्र रुग्णालयात नाव दिलं आणि मंगळवारी फोन. "छान व्यवस्था आहे हो तुमची," ते म्हणाले. बाईंचा घास हातातच राहिला. सोमवारी नाव आणि मंगळवारी फोन, मग काका?

बाई अर्ध्या दिवसाची रजा टाकून रुग्णालयात गेल्या. नोंदणीच्या खिडकीत एक मुलगी बसत असे, नोंदी करून करून बोटं झिजलेली. बाई म्हणाल्या, "पुढचा दाब." तिने दाबलं. त्या सकाळीच आलेलं नाव वर आलं.

"असंच येतं हो," मुलगी म्हणाली. "जुनी माणसं भांडायला येतात. मी त्यांना सांगते, संगणकाला कळतं कुणाला घाई आहे ते. चिटणीसांनीच तसं सांगितलंय. भांडायला आलेल्याचं नाव मी परत टाकते, मग येतं लगेच."

म्हणजे भांडणारे सुटले होते. नियमाने बसलेले तळाशी होते. बाईंनी यादी शेवटापासून नव्हे, सुरुवातीपासून उघडली. तीनशेच्या वर नावं थांबलेली होती. एकोणसाठावं नाव काकांचं.

दुरुस्तीला दहा मिनिटंही लागली नाहीत. शेवटचं काढ ऐवजी पहिलं काढ, एवढंच. दोन ओळी. बाई नंतर म्हणत, की दोन दिवस लागले असते तर बरं वाटलं असतं. मग चिटणीसांसमोर उभ्या राहून त्यांनी चूक माझी म्हणून सांगितलं, जुन्या माणसांसाठी शनिवारचं जादा तपासणी सत्र मागून घेतलं, आणि पहिल्या शंभरांना आपल्या हाताने फोन केले. काहींनी आभार मानले. काहींनी दुसरीकडे दाखवलं होतं. एका घरातून, "आता कशाला?" एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद झाला. आभार मानणारे सर्वांत जड गेले.

काका त्याच शनिवारी तपासून आले. काचबिंदू. डाव्या डोळ्याची नस सुकत आलेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यात गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली राखायची. उजव्यालाही सुरुवात आहे, थेंब लगेच सुरू करा.

सोमवारी कॅन्टीन बंद झाल्यावर बाई तिथे गेल्या. बाकं उलटी करून टेबलांवर ठेवली होती, फरशी ओली होती. काका खुर्चीवर, काकू गल्ल्यामागे. बाईंनी वर्गातल्यासारखं सांगितलं नाही. चुकत, थांबत सांगितलं. तुमचं नाव मी रांगेत नाही ठेवलं, काका. चळतीत ठेवलं. तुमच्यावर माणसं येत गेली आणि त्यांनाच बोलावलं गेलं. घाई केली मी. तपासलं नाही मी.

काकांना समजायला वेळ लागला नाही, त्यांना चळत बाईंपेक्षा जास्त कळत होती. ते थोडा वेळ फडक्याची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "बाई, चौथ्या महिन्यात मी तुम्हाला विचारायला आलो होतो. तेव्हा परत नाव दिलं असतं तर?"

खोटं बोलायला जागा होती. तेव्हाही गर्दी होती, सांगता येत नाही, असं काहीतरी. बाईंनी ती जागा सोडून दिली.

"दोन-चार दिवसांत फोन आला असता."

काकू उठल्या आणि आतल्या खोलीत निघून गेल्या. त्या काही बोलल्या असत्या तर बाईंनी उभ्याने ऐकून घेतलं असतं, ऐकायलाच आल्या होत्या त्या. आतून नळाचा आवाज येत राहिला.

"मी ऐकणारा नाही हो कुणाचं," काका म्हणाले. "हिला विचारा. पण तुम्ही म्हणालात थांबा, मग थांबलो. म्हटलं, बाईंना जास्त कळतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना रडता आलं असतं.

काकांनी चेहरा वळवून बाईंना उजव्या डोळ्यासमोर घेतलं आणि नीट पाहिलं. "हा राहील ना?" त्यांनी विचारलं.

चोवीस वर्षांत असा एक प्रश्न नव्हता ज्याला बाईंनी थांबून उत्तर दिलं असेल.

"मला माहीत नाही, काका," बाई म्हणाल्या.