झोप न आणणारी गोळी

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. नाहीतर लिहितालिहिता मी स्वतःला वाचवायचे रस्ते शोधीन, मला माहितीये.

दिल्लीला मुनिरकात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. म्हणजे माझं घर सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, मेट्रोने जेमतेम अर्ध्या तासावर, पण "घरी अभ्यास होत नाही" असं आईबाबांना पटवून मी तिकडे शिफ्ट झाले. ताई धाराशिवकडची. सख्खी नाही, पण चार वर्षांनी मोठी, म्हणून ताई. तिचा यूपीएससीचा हा शेवटचा अटेम्प्ट होता. नियमाने नाही, घरच्यांनी ठरवलेला. या वर्षी प्रीलिम्स निघाली नाही तर परत गावी आणि स्थळं बघायची, असं तिच्या वडिलांनी सरळ सांगितलं होतं.

आणि ताईला भयंकर घबराहट व्हायची. पेपर समोर आला की हात थरथरायचे. नुसतं पेपरलाच नाही, दिवसभर. गॅस बंद केला का, वडिलांचा फोन का नाही आला, उद्या टॉपिक संपला नाही तर. शेवटी ती सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत गेली. डॉक्टरांनी बुस्पिरॉन दिली, सकाळ-संध्याकाळ, रोज. परीक्षेला तेव्हा बरोबर अठ्ठावीस दिवस होते. अठ्ठावीस हा आकडा मी विसरू शकत नाही.

सुरुवातीला गोळी घेतली की तिला थोडं गरगरायचं, बस. बाकी काही नाही. झोप नाही, सुस्ती नाही, काहीच नाही. आणि मी म्हणजे परीक्षक! मुनिरकात सगळेच असे होतो, यार. कुठला क्लास बेकार, कुठल्या नोट्स बिल्कुल फालतू, आम्ही चहाच्या एका कपात निकाल लावायचो. मी गोळीचाही लावला.

"ताई, झोप येते का?"

"नाही गं."

"मग डोकं शांत वाटतं?"

"तसंच आहे."

"अकरा दिवस झाले! ही कसली घबराहटची गोळी? आईची गोळी घेतली की अर्ध्या तासात माणूस गार पडतो."

आईला मागे ऑपरेशनच्या वेळी अल्प्राझोलम दिली होती, तिची उरलेली पट्टी घरी कपाटात होती. मी रविवारी घरी जेवायला गेले आणि आईला न विचारता ती उचलून आणली. ताई बिचकली. "डॉक्टरला न विचारता? नको बाई."

तेव्हा मी जे बोलले ते लिहिताना आत्ताही कानशिलं तापतायत. मी म्हणाले, "माझा मावसभाऊ नागपूरला एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे ना, त्याला विचारलं मी. म्हणाला, चालेल, ती दुसरी बंद कर आणि ही घे."

मी त्याला विचारलंच नव्हतं. त्याच्याशी माझं दिवाळीनंतर बोलणंही झालं नव्हतं.

ताईने बुस्पिरॉन बंद केली. नवी गोळी घेऊन पहिल्यांदा झोपली तेव्हा सकाळी उठून म्हणाली, "अगं, किती महिन्यांनी अशी झोपले!" मी तर हवेत. कॉलर टाइट! चार दिवस मी ही गोष्ट जिन्यावर भेटेल त्याला सांगत होते, अजून कुणाला घबराहट आहे का असं विचारत.

पाचव्या दिवशी फुल लेंग्थ मॉक होती, म्हणजे पूर्ण पेपरची सराव परीक्षा. जाताना ताईचे हात थरथरत होते. मी म्हणाले, "आज दोन घे." तिने घेतल्या.

मॉक संपल्यावर ती बाहेर आली ती अशी, जणू कुणी आत्ताच उठवलंय. डोळे जड, बोलणं जरा घसरत होतं. हात थरथरत नव्हते, ते खरं. पण एक प्रश्न सोडताना ओएमआर शीटवर त्याची ओळ मोकळी सोडायची ती विसरली होती. पुढची सगळी उत्तरं एकेक घर वर सरकली होती. पेपर संपला तरी तिच्या लक्षात आलं नव्हतं, बाहेर येऊन शीटची कार्बन कॉपी प्रश्नपत्रिकेशी ताडली तेव्हा कळलं. "प्रश्न वाचायचे आणि पर्यायापर्यंत येईस्तोवर प्रश्नच जायचा डोक्यातून," म्हणाली. मग रस्त्यावरच रडली, ऑटोवाले बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओपीडीत. मी सोबत गेले, कारण न जाणं अजून वाईट दिसलं असतं. डॉक्टर तरुण होते, थकलेले. त्यांनी पर्ची बघितली, सगळं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं.

"बुस्पिरोन किसने बंद की?"

ताई म्हणाली, "सर, असर नहीं हो रहा था। नींद भी नहीं आती थी।"

"अरे, नींद लाना उसका काम ही नहीं है! इसीलिए तो आपको दी थी, आपको पढ़ना है।"

मग त्यांनी सांगितलं. घाईघाईत, पण नीट. अल्प्राझोलमसारख्या गोळ्या मेंदूतल्या शांत करणाऱ्या रसायनाचा, गाबाचा, जोर लगेच वाढवतात. म्हणून अर्ध्या-पाऊण तासात गार वाटतं. पण त्यासोबत सुस्ती येते, लक्षात राहत नाही, आणि रोज घेत राहिलं तर सवय लागते, मग सोडताना त्रास. बुस्पिरॉन त्या वाटेने जातच नाही. ती सेरोटोनिन नावाच्या दुसऱ्याच रसायनाच्या एका रिसेप्टरवर काम करते. सुरुवातीला पेशीला वाटतं की सेरोटोनिन पुरेसं आहे, म्हणून ती स्वतःच हात आखडता घेते. रोज गोळी मिळत राहिली की काही आठवड्यांत पेशीचा हा आखडलेला हात सैल होतो, आणि मग फरक जाणवतो. निदान असं मानतात, म्हणाले, पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. दोन ते चार आठवडे, कधी जास्त. घबराहट झाली की एक खाल्ली, असं तिचं चालत नाही.

"ग्यारह दिन में आपने फ़ैसला कर लिया?"

फैसला माझा होता.

"और ये दूसरी किसने दी?"

"इसके भाई डॉक्टर हैं सर, उनसे पूछा था," ताई म्हणाली. अगदी विश्वासाने.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "कौन डॉक्टर है जो बिना देखे ये लिखता है?"

मी माझ्या नखांकडे बघत होते. मागे पुढचा पेशंट दारात उभा होता. मी म्हणू शकले असते. तीन शब्द होते, झूठ बोला मैंने. नाही म्हटलं. डॉक्टरांनी मान हलवली, पर्चीवर बुस्पिरॉन पुन्हा लिहिली, खाली ठळक अक्षरात अल्प्राझोलम बंद असं लिहिलं. "फिर से शुरू से। बीच में मत छोड़ना।"

परीक्षेला बारा दिवस उरले होते. गोळीचे अठ्ठावीस दिवस व्हायला हवे होते, बारा झाले.

ताईने एकही वेळ चुकवली नाही. परीक्षेच्या दिवशी सकाळी तिचे हात तसेच थरथरत होते. मी पाण्याची बाटली घेऊन गेटबाहेर उभी होते, माझा स्वतःचा पेपर पुढच्या वर्षी होता. आणि मजा बघा, परीक्षेनंतर दोन आठवड्यांनी, एका दुपारी वडिलांचा फोन येऊन गेला आणि ताई शांतपणे भांडी घासायला लागली. मध्येच थांबली. "अगं, फोन वाजला तेव्हा छातीत धडधडलंच नाही." झोपाळलेली नव्हती, ओट्यापाशी अगदी टवटवीत उभी होती. मला आनंद व्हायला हवा होता. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

निकालात तिचा नंबर नव्हता. गोळी सोडली नसती तर असता का? कुणालाच नाही माहीत. हे वाक्य माझ्या सोयीचं आहे, म्हणून ते मी तिला कधी ऐकवलं नाही.

सांगितलं ते एवढंच. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि मी भरभर म्हणाले की भावाला मी विचारलंच नव्हतं.

"माहितीये," ताई म्हणाली. "ओपीडीतच कळलं."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते."

ती रागावली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वडिलांशी तीच बोलली, अजून एक अटेम्प्ट मागून घेतला, धडधड न होता. पुढच्या आठवड्यात ओपीडीचा दिवस होता. मी सकाळी लवकर उठून तयार झाले, बॅग घेतली.

"तू नको येऊस," ती चप्पल घालता घालता म्हणाली. "आज मला डॉक्टरांशी नीट बोलायचंय."