परत आलेल्या दीडशे किलो तांब्याचा भाव

अंबडच्या एका कारखान्यात मी हिशेबाची कारकून होते. आम्ही विजेची पॅनेल बनवायचो, म्हणजे मोठमोठी लोखंडी कपाटं आणि त्यांच्या आत तांब्याच्या पट्ट्या. मालक दोन भागीदार होते. धाकटे यंत्रं बघायचे, थोरले पैसे बघायचे. थोरल्या साहेबांना प्रत्येक कामाचा स्वतंत्र खर्चाचा कागद लागायचा आणि तो मी करायचे.

पॅनेल जोडणाऱ्या माणसांवर एक सुपरवायझर होते, सिन्नरकडचे. वय पन्नाशीच्या पुढे, बोलणं मोजकं. त्यांच्या खिशात एक छोटी वही असे आणि स्टोअरमधून आलेलं तांबं ते स्वतः वजन करून तिच्यात लिहून ठेवत. मला तो त्यांचा छंद वाटायचा.

त्या वर्षी एका साखर कारखान्याचं मोठं काम आलं. त्यासाठी स्टोअरने सहाशे किलो तांबं दिलं, तीनशे दहा रुपये किलोने. मध्येच गिऱ्हाइकाने ड्रॉइंग बदललं, पट्ट्या कमी लागल्या आणि दीडशे किलो तांबं स्टोअरमध्ये परत गेलं. परतीची चिठ्ठी माझ्याकडे आली. तिच्यावर फक्त वजन होतं, कारण भाव टाकायचं काम माझं. तोवर बाजार चढला होता. टेबलावर सगळ्यात वर ताजं बिल पडलं होतं, चारशे तीस रुपयांचं. मी तोच भाव टाकला. दोन मिनिटांचं काम होतं आणि मला तेव्हा ते नीटनेटकंही वाटलं.

साखर कारखान्याच्या कामात बरीच बचत दिसली. थोरल्या साहेबांनी सगळ्यांसमोर सुपरवायझरांचं कौतुक केलं आणि त्यांना एक प्रेशर कुकर दिला. त्यांनी तो घेतला, पण आपण काय वाचवलं ते त्यांच्या लक्षात आलेलं दिसलं नाही.

पुढचं काम सिन्नरच्या एका कंपनीचं, लहानच. परत आलेलं तांबं जुन्या भावाचं आहे हे लक्षात ठेवून थोरल्या साहेबांनी त्याच हिशेबाने दर कळवला होता. स्टोअरने तेच दीडशे किलो या कामाला दिलं आणि माझ्या रजिस्टरप्रमाणे ते चारशे तीसने खर्ची पडलं. काम संपल्यावर कागदात तांब्यापुढे साहेबांच्या अंदाजापेक्षा अठरा हजार जास्त दिसले; त्या कागदात फक्त रुपये असत, वजन नसे. साहेबांनी अठरा हजारांना चालू बाजारभावाने, चारशे तीसने भागलं आणि विचारलं, "बेचाळीस किलो तांबं गेलं कुठं?"

सुपरवायझर म्हणाले, "साहेब, कुठं गेलं नाय. वजन करा."

"तीन महिन्यांपूर्वी वाचवता येत होतं, आता येत नाही?"

सुपरवायझरांना निष्काळजीपणाचं पत्र मिळालं आणि कपाटांवरचा रंग भाजायच्या भट्टीवर पाठवण्यात आलं. पत्राची एक प्रत फाइलमध्ये लावायला माझ्याकडे आली. मी लावली.

दोन-तीन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी आले. हातात ती वही.

"मॅडम, तुमच्या रजिस्टरात या कामाला किती किलो तांबं?"

"दीडशे."

"माझ्याकडं पण दीडशेच हाय. बसवलं किती, तुकडे किती, समदं लिवलंय. मग बेचाळीस कशातून गेलं?"

मी वही घेतली. पट्टी न् पट्टी लिहिलेली होती, तुकड्यांसकट. बेरीज दीडशे. वजन दोन्हीकडे सारखं आणि रुपये वेगळे, म्हणजे भानगड भावात. भाव टाकणारी कारखान्यात मी एकटीच. ते समोर उभे असतानाच मला कळलं, पण मी म्हटलं, "बघते." ते बरं म्हणून गेले.

मी जुन्या चिठ्ठ्या काढल्या. कामावरून माल परत आला की तो ज्या भावाने दिला होता त्याच भावाने परत घ्यायचा असतो. बाजार काय म्हणतो याचा तिथे संबंध नसतो. हे मी कॉलेजात शिकले होते, त्यावर मला चांगले मार्कही होते.

थोरले साहेब त्या आठवड्यात पुण्याला होते. फोन करण्याचा मला धीर झाला नाही, म्हणून ईमेल लिहायला घेतली. पहिला मसुदा इंग्रजीत झाला. त्यात चूक 'आढळून आली' होती आणि दर 'लावला गेला' होता. वाचल्यावर वाटलं, ही चूक कारखान्यात आपोआप उगवली असावी. मग इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. ती ईमेल अशी:

"साहेब, सिन्नरच्या कामात तांबं वाया गेलेलं नाही. चूक माझी आहे. साखर कारखान्याच्या कामावरून परत आलेलं दीडशे किलो मी ४३० ने जमा केलं. ते ३१० ने दिलेलं होतं, म्हणून ३१० नेच जमा करायला हवं होतं. किलोमागे १२० प्रमाणे १८,००० चा फरक पडला. तेवढा साखर कारखान्याचा खर्च कमी दिसला, आणि तेच तांबं पुढे ४३० ने दिल्यामुळे सिन्नरचा तेवढाच जास्त दिसला. दोन्ही कामं मिळून नफा होता तेवढाच आहे. दोन्ही कागद दुरुस्त करून जोडले आहेत. सुपरवायझरांच्या वहीतलं वजन रजिस्टरशी जुळतं. त्यांना दिलेलं पत्र माझ्या चुकीमुळे दिलं गेलं, ते रद्द करावं ही विनंती."

पाठवायच्या बटणावर बोट ठेवून मी बराच वेळ बसले. घरात पगार माझा एकटीचा होता. मग पाठवली आणि पाणी प्यायले.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "सोमवारी दहाला भेटा." एवढंच.

सोमवारी साहेबांनी दोन्ही कागद समोर ठेवले आणि कॅल्क्युलेटरवर सगळं पुन्हा केलं. आकडा तोच आला.

"म्हणजे साखरेच्या कामात त्यांनी काही वाचवलंच नव्हतं?"

"नाही. पण वायाही घालवलं नव्हतं."

"आणि मी कुकर दिला."

"हो."

"वजन करा म्हणत होते ते. करायला हवं होतं," असं ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. मग फाइल मागवली, पत्रावर आडवं 'रद्द' लिहून सही केली. मला म्हणाले, "यापुढे परतीच्या चिठ्ठीवर मूळ चिठ्ठीचा नंबर लिहिलेला नसेल तर भाव टाकायचा नाही." माझी त्या वर्षीची पगारवाढ निम्मी झाली. मला ती रास्त वाटली, घरी मात्र मी कारण वेगळं सांगितलं.

सुपरवायझरांना दुपारी निरोप गेला की उद्यापासून पॅनेलवर या. साहेब त्यांच्याशी काय बोलले ते मला माहीत नाही. मी ईमेलचा कागद छापून घेऊन भट्टीकडे गेले. त्यांच्या भुवयांवर पिवळी रंगाची पावडर बसली होती.

"वाचून दाखवा," ते म्हणाले. चष्मा वर डब्यापाशी राहिला होता.

मी वाचलं. 'चूक माझी आहे' या वाक्याशी माझा आवाज जरा खाली गेला. त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं.

"मी तुमची माफी मागते," मी म्हटलं.

"त्या दिवशी मी समोर हुतो तवाच कळलं हुतं ना तुमाला?"

"हो."

"तवाच सांगायचं हुतं. चार रात्री घरात कुणी जेवलं नाय नीट."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि भट्टीचं दार लावायला वळले. पुढे महिनाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलत. मग एकदा परतीची चिठ्ठी घेऊन स्वतःच आले, मूळ चिठ्ठीचा नंबर लिहिलेली, आणि मी भाव टाकेपर्यंत समोरच्या खुर्चीवर बसून राहिले.