रजा कोणती लिहू?

आमच्या ऑफिसात अर्न्ड लीव्ह कुणी घेत नाही, साठवतात. ट्रंकेत घडी घालून ठेवलेल्या शालूसारखी ती वर्षानुवर्षं पडून असते. मुलीचं लग्न निघालं, घर बांधायला काढलं, तरच बाहेर येणार. एरवी सासू पडो, भावाची कोर्टात तारीख असो, आधी कॅज्युअल आणि ती पुरली नाही की सिक. हजरतगंजातल्या आमच्या कंपनीच्या ऑफिसात रजेचं टेबल माझं आहे. साताऱ्याहून लग्न होऊन लखनौला आले, बोली इथली झाली, पण या एका गोष्टीवरून माझं डोकं आजही तापतं.

किती वेळा सांगायचं माणसांना! कॅज्युअल म्हणजे अचानक उपटलेल्या एखाद-दोन दिवसांच्या कामासाठी. तिला अर्न्ड जोडता येत नाही. सिक म्हणजे स्वतःचं आजारपण. आईचं नाही, बायकोचं नाही, आणि गावाकडच्या म्हशीचं तर नाहीच नाही. ती लांबली की डॉक्टरचा दाखला लागतो, आणि कामावर परत येताना तब्येत ठीक झाल्याचं दुसरं सर्टिफिकेट. अर्न्ड म्हणजे काम करून कमावलेली. तिला घरचं कुठलंही कारण चालतं, फक्त आधी कळवायचं असतं. आणि अडचण खरंच अचानक आली असेल, तर आधी कळवायची अट मॅनेजर सोडू शकतो. हे शेवटचं वाक्य नियमांत स्पष्ट लिहिलंय, पण वाचतो कोण? "ई.एल., अर्न्ड म्हणजे, ऐन वेळी मिळत नाही," असं एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, झालं.

माझ्या शेजारच्या टेबलावर अकाउंट्सचे एक भाईसाहब बसतात. वयानं माझ्याहून मोठे, लखनौच्याच महानगर नावाच्या वस्तीत राहतात, गाव गोंडा जिल्ह्यातलं. शांत माणूस. डब्यातली पहिली पुरी माझ्या झाकणात ठेवल्याशिवाय स्वतः खाणार नाहीत. उन्हाळ्यात एका सकाळी त्यांचा मोबाइलवर निरोप आला, दोन दिवस कॅज्युअल हवी. ती संपता संपता दुसरा निरोप, ताप आहे, टायफॉइड सांगितलाय, सिक लीव्ह लावा. मला वाईट वाटलं. मधे एकदा मी फोनही केला. "बुखार कैसा है भाईसाहब?" विचारलं. ते म्हणाले, "उतर रहा है मैडम." मागे कुणीतरी जोरात बोलत होतं. मी म्हटलं, टीव्ही बंद करा आणि आराम करा, तुळशीचा काढा घ्या. "जी, जी," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्याच सुमारास हेड ऑफिसचं एक पत्र आलं. दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात कुणीतरी खोटा वैद्यकीय दाखला लावला होता. वरच्यांनी थेट त्या डॉक्टरला फोन लावला, डॉक्टर म्हणाला असा पेशंटच माझ्याकडे आला नाही, आणि त्या माणसाची नोकरी गेली. यापुढे लांबलेल्या प्रत्येक सिक लीव्हचा दाखला तपासला जाईल, असं पत्रात होतं. आमच्या मॅनेजरनं ते सगळ्यांना उभं करून वाचून दाखवलं. भाईसाहब तेव्हा तिथे नव्हते.

ते परत आले ती महिनाअखेर होती. त्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांच्या रजा पगाराच्या सिस्टिममध्ये भरून वर पाठवायच्या असतात. डोक्यावर टोपी घालून ते माझ्यासमोर उभे राहिले. बाहेर उन्हानं अंगाची लाही होत होती आणि या बाबाच्या डोक्यावर लोकरीसारखी जाड टोपी! हातात लिफाफा. "मेडिकल और फिटनेस, दोनों हैं," म्हणाले. कागद आले की मी आवकचा शिक्का मारते, आणि शिक्का पडला की कागद ऑफिसचा झाला, मग तो परत घेता येत नाही. मी शिक्का उचलला. त्यांनी घाम पुसायला टोपी जरा मागे सरकवली.

डोकं तुळतुळीत होतं. मागे बारीक शेंडी.

लखनौत इतकी वर्षं काढल्यावर हे कुणी सांगायला लागत नाही. टायफॉइडनं केस गळतात, पण शेंडी ठेवून गळत नाहीत. शिक्का खाली ठेवून मी त्यांना जुन्या फायलींच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"कोण गेलं?" मी विचारलं.

त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "अम्मा."

आईला अचानक झटका आला होता. गावाहून लखनौला आणलं, दवाखान्यात ठेवलं, तिथेच ती गेली. तेरावं उरकून ते आज हजर झाले होते. आणि आम्हाला कुणालाच पत्ता नाही! इथे कुणाच्या घरी मयत झाली की सगळं ऑफिस जातं. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे जाऊन सतरंजीवर बसतात. या माणसाच्या दारात आमच्यातलं एकही माणूस गेलं नव्हतं, कारण ऑफिसच्या लेखी तो स्वतःच तापानं फणफणला होता. शेजारच्या घरात आमच्या कंपनीतल्या कुणाच्या तरी ओळखीचे लोक राहत होते, म्हणून बायकोला सांगून ठेवलं होतं, मोठ्यानं रडू नकोस.

मला रडू यायच्या ऐवजी रागच आला. मी अशीच आहे, काय करू! "अहो, माझ्याशी खोटं बोललात? मी काढा सांगत बसले आणि तुम्ही जी जी करत होतात!"

"अस्पताल में था मैडम, क्या बोलता," ते म्हणाले. "सब तो सिक ही लिखते हैं."

तेही खोटं नव्हतं. सगळे तेच लिहितात. मी त्यांना हेड ऑफिसचं पत्र सांगितलं. नोकरी गेली तो माणूसही असंच कुणाचं तरी ऐकून बसला असेल. मी म्हटलं, अजून काही बिघडलेलं नाही, दाखला अजून तुमच्याच हातात आहे. अर्ज करा, आई वारली म्हणून गेलो होतो, रजा अर्न्डमध्ये बदलून द्या. माणसानं स्वतः लिहून मागितलं आणि मॅनेजरनं मान्य केलं तर रजेचा प्रकार मागाहून बदलता येतो. आधीचे कॅज्युअलचे दिवसही त्यातच घालावे लागतील, कारण कॅज्युअल अर्न्डला चिकटून चालत नाही.

"फिर बिटिया की शादी?" त्यांनी विचारलं. लग्न हिवाळ्यात होतं. तेवढ्यासाठीच तर रजा राखली होती. तयारी, वऱ्हाड, पाहुणे, सगळं एकट्यावर.

"नोकरीच गेली तर लग्नात काय वाजतगाजत सांगणार? जावईबापू, मी सध्या घरीच असतो?" मी फाडकन बोलले. बोलल्यावर जीभ चावली, पण शब्द सुटून गेले होते.

तेवढ्यात दार ढकलून मॅनेजर आत आला. भाईसाहबांपेक्षा बराच लहान मुलगा, वाईट नाही, पण भित्रा. त्यानं टोपी पाहिली, टोपीखालचं पाहिलं. सगळं त्याच्या लक्षात आलं आणि तो लगेच दाराकडे बघायला लागला. "मैंने कुछ नहीं देखा," तो मला म्हणाला. "मेडिकल लगा दीजिए मैडम, एंट्री बंद होने वाली है. आज नहीं गया तो गैरहाज़िरी लग जाएगी, बिना वेतन."

"आणि वरून त्या डॉक्टरला फोन गेला म्हणजे?"

"ज़रूरी थोड़े है कि जाए."

"मी शिक्का मारणार नाही."

"आप महाराष्ट्र वाले भी ना," तो चिडून म्हणाला, "हर बात में क़ानून!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, कायदा राहू दे बाजूला. फोन गेला तर तुम्ही म्हणाल मला माहीत नव्हतं, मी म्हणेन मला माहीत नव्हतं, आणि हा माणूस एकटा मरेल. घरात आत्ताच एक मरण झालंय. तो घड्याळाकडे बघत तिथेच उभा राहिला. भाईसाहब लिफाफा दोन्ही हातांनी धरून उभे होते. त्यांनी पुन्हा लिफाफा पुढे केला असता तर? शिक्का माझ्याकडे, पण मॅनेजरनं आपल्या हातानं कागद घेतला तर मी काय करणार होते? काही नाही.

"निदान तुम्ही सही केलीय ते ऐका तरी," मी भाईसाहबांना म्हटलं. त्यांच्या हातून लिफाफा घेतला, दाखला काढला आणि मोठ्यानं वाचायला लागले. मोहल्ल्यातल्या कुठल्याशा डॉक्टरनं पैसे घेऊन लिहून दिलेला. रुग्ण माझ्या उपचाराखाली होता. या तारखेपासून या तारखेपर्यंत त्याला पूर्ण विश्रांती सांगितली होती. तो अंथरुणातून उठू शकत नव्हता. खाली डॉक्टरची सही, आणि तिच्या खाली भाईसाहबांची, वरील मजकूर सत्य आहे म्हणून.

"तारीख फिर से पढ़िए," भाईसाहब म्हणाले.

मी पुन्हा वाचली.

मग डोक्यावरची टोपी काढून त्यांनी खिशात घातली. आवाज अगदी हळू होता. "इसमें लिखा है मैं बिस्तर से उठ नहीं सकता था. उस दिन मैंने अम्मा को आग दी है मैडम. मी कसा म्हणू की मी तिथे नव्हतो?" माझ्याकडून शिकलेलं मराठी ते कधीमधी बोलायचे. ते शेवटचं वाक्य ते मराठीतच बोलले.

मॅनेजरनं मान खाली घातली.

"कोरा कागद दीजिए," भाईसाहब म्हणाले. "कौन सी छुट्टी लिखूँ, बोलिए."

"अर्न्ड. पहिल्या दिवसापासून. आधी कळवता आलं नाही, अट माफ करावी, हेही लिहा. आणि सिक का सांगितली होती तेही लिहा, लपवू नका."

दोन्ही दाखले फाडून त्यांनी तुकडे टोपीच्याच खिशात कोंबले. फायलींच्या स्टुलावर वाकून अर्ज लिहिला. कारणापाशी पेन अडलं. किती तरी वेळ ते नुसतेच त्या ओळीकडे बघत होते. मग लिहिलं, माताजी का देहांत. लिहिता लिहिता खांदे हलायला लागले. अक्षर ओलं झालं. मॅनेजरनं त्याच ओल्या कागदावर सही केली. खोटी माहिती दिल्याबद्दल लेखी समज द्यावी लागेल म्हणाला, ती त्यानं दिलीही. मी धावत जाऊन एंट्री भरली. सिस्टिम बंद व्हायच्या आत ती गेली.

परत आले तेव्हा भाईसाहब दाराशी थांबले होते, बाहेर हॉलमध्ये जायचं धाडस होत नव्हतं. उघड्या डोक्यावरून हात फिरवत होते. मला म्हणाले, "मैडम, अब सबको बता सकता हूँ ना?"