बसवंतप्पांनी मागच्या बाकावरून कॉलेज पारखलं

कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदच्या बाजारात बसवंतप्पांचं तुरीचं आडत दुकान आहे. टोकदार नळी पोत्याच्या तळाशी खुपसून दाणे काढल्याशिवाय ते भाव बोलत नाहीत.

यंदा लेक नेत्रावतीला बी.कॉम.साठी दोन कॉलेजांत प्रवेश मिळाला. हैदराबादचं कॉलेज देशातल्या कॉलेजांच्या क्रमवारीच्या यादीत साठावं होतं, कलबुर्गीच्या कॉलेजाचं यादीत नावच नव्हतं. नेत्रावतीला पुढे सी.ए. व्हायचं होतं. शनिवारपर्यंत एकीकडे फी भरणं भाग होतं. दोन्ही कॉलेजं बघितल्याशिवाय पैसे भरणार नाही, असं बसवंतप्पांनी जाहीर केलं.

"साठावा नंबर असताना कलबुर्गीही बघणार? डोकं फिरलंय का तुमचं?" शेजारचे शिवशंकर म्हणाले.

"नंबर म्हंजी पोत्यावरचा शिक्का, अण्णा. त्यात संशोधनाचे कागद मोजत्यात, नावलौकिक मोजत्यात. पयल्या वर्षाला कोण शिकवतंय, ते कुठं लिवलंय?"

बापलेक हैदराबादला गेले. कारकून सभागृह दाखवत होता. बसवंतप्पा मधूनच निसटून कँटीनमध्ये शिरले आणि दुसऱ्या वर्षाचा, मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा शोधून त्याची वही मागू लागले. तपासणी आली असं वाटून त्याने वहीबरोबर ओळखपत्रही पुढे केलं. वहीत तारखा होत्या, बाकी काही नव्हतं.

"गेल्या वर्षी हिशेबाचे सर तीनदा बदलले, काका. वर्गात एकशेवीस जण. कुणाकुणाचं बघणार?"

शेजारच्या टेबलावर मुलं-मुली अर्थसंकल्पावर तावातावाने भांडत होती. नेत्रावती तिथेच रमली.

"पोरं मातर चांगली हायत," बसवंतप्पांनी कबूल केलं.

कलबुर्गीत भिंतींचे पोपडे निघालेले, वर्गात पंचेचाळीस मुलं. इथेही त्यांनी शेवटचाच बाक गाठला.

"कामून बघायलाव काका? म्या नापास न्हाई!" मुलगा ओरडला. त्याच्या वहीत पानोपानी लाल शाई होती. हिशेब शिकवणाऱ्या मॅडम दहा वर्षांपासून त्याच होत्या. पण तास संपला की निम्मा वर्ग बसस्टँडकडे पळायचा. सी.ए.च्या तयारीला चारच मुली संध्याकाळी ग्रंथालयात थांबायच्या.

घरी आल्यावर बसवंतप्पांनी निकाल दिला, "कलबुर्गी. फी तिकडच्या तिसऱ्या हिश्श्यात, वर बसनं रोज घरी. हॉस्टेलचा खर्च न्हाई."

नेत्रावती म्हणाली, "अप्पा, मी दोन दिवस त्या बसनं जाऊन आले. जायला-यायला तीन तास, बसायला जागा न्हाई. घरी यायचं म्हणलं की पाचलाच निघावं लागतंय. त्या चौघी साडेसातपर्यंत बसत्यात. माझ्या बरोबरीच्या तेवढ्याच हायत. त्यांनाच सोडून येऊ? मला तिथल्या हॉस्टेलातच ऱ्हायचंय."

"पण घरी..."

"तुम्ही पैसे मोजलाव. मी तास मोजले."

"घ्या आता," आतून नेत्रावतीची आई चन्नम्मा म्हणाल्या. "लेकीचं चुकायलंय कुठं ते सांगा."

शनिवारी बसवंतप्पांनी कलबुर्गीत कॉलेजची फी भरली, हॉस्टेलचीही भरली आणि वॉर्डनबाईंना विचारलं, "भेटायला कधी यायचं?"

"महिन्यातून एक रविवार."

"आणि मधी?"

"मधी ती अभ्यास करेल, अप्पा," वॉर्डनबाई म्हणाल्या.