नत्थूजी भट्टीवाले आणि वीस मिनिटांचं पोलाद

नत्थूजी बोंदरे यांना जगात दोनच गोष्टींबद्दल आदर होता, एक स्वतःबद्दल आणि दुसरा आपल्या भट्टीबद्दल. बाकी सगळा कचरा. गावाकडे खाप्याला शेती करणारे भाऊ म्हणजे नुसते ढेकळं फोडणारे. कारखान्यातले साहेब म्हणजे इस्त्रीचे कपडे चालते-बोलते. बायको जिजाबाई तशी बरी, पण चहा नीट उकळणं तिला कधी जमलं नाही, असं ते पाहुण्यांसमोर सांगत. उकळणं म्हणजे काय, हे भट्टीवाल्यालाच कळतं ना!

छत्तीसगढकडच्या एका पोलाद कारखान्यात, जुन्या पद्धतीच्या ओपन हार्थ भट्टीवर, त्यांची उमर गेली होती. ती भट्टी लांबट आणि उथळ. बाजूंनी गॅस जळायचा, ज्योत वितळलेल्या लोखंडावरून लोळत जायची आणि जवळजवळ अख्खी पाळी खपली की पोलाद तयार व्हायचं. नत्थूजी निळी काच डोळ्यांसमोर धरून ज्योत पाहायचे. ती मरगळली की त्यांची आरोळी उठायची, "वाढवा!" आणि पोरं धावत जाऊन गॅस वाढवायची. ज्याला एवढंही जमायचं नाही, त्याची रवानगी नत्थूजी भंगाराच्या अंगणात करवून घेत. तिथे गंजके पत्रे निवडत बसणाऱ्यांकडे ते मान वळवूनही पाहत नसत.

ऐंशीच्या दशकात कारखान्यात नवा कन्व्हर्टर उभा राहू लागला आणि जुन्या भट्ट्या विझणार हे ठरलं. भट्टीवाल्यांची एक तुकडी नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकायला पाठवली. शेवटी परीक्षा. पास होईल तो कन्व्हर्टरवर, नापास होईल तो भंगाराच्या अंगणात. नत्थूजींना हे ऐकून हसूच आलं. परीक्षा, आणि त्यांची?

शिकवायला अरुंधतीबाई होत्या. वय तिशीचं, चष्मा, खडूने माखलेली बोटं. नत्थूजींनी पहिल्याच दिवशी शेजारच्या श्रीधरच्या कानात सांगितलं, "चष्मा लावून लोखंड शिजत नाही गा."

बाईंनी फळ्यावर कन्व्हर्टरचं पोटफुगं भांडं काढलं. आधी त्यात भंगार टाकायचं, त्यावर झोतभट्टीतून आलेलं वितळलेलं लोखंड ओतायचं. या लोखंडात शंभराला चार भाग कार्बन, शिवाय सिलिकॉन, मँगनीज, फॉस्फरस. मग वरून पाण्याने थंड ठेवलेली लांब नळी, म्हणजे लान्स, खाली आणायची आणि शुद्ध ऑक्सिजनचा जबरदस्त झोत लोखंडावर सोडायचा. वीसेक मिनिटांत पोलाद.

"आणि जाळाले काय वापरता?" नत्थूजींनी बसल्या जागेवरून विचारलं.

"काहीच नाही."

नत्थूजी वर्गाकडे वळून हसले. "म्हणजे थंडा वारा मारून लोखंड तापवून राहिले! बाई, आमच्या इकडे फुंकर मारली तर चहा थंडा होते."

वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. "वाऱ्यात नायट्रोजन असतो, तो उष्णता घेऊन जातो. हा नुसता ऑक्सिजन आहे. लोखंडातली घाण हेच याचं सरपण. सिलिकॉन आधी जळतो आणि भरपूर उष्णता देतो. मँगनीजही जळतं. त्यांची राख भांड्यात टाकलेल्या चुन्याशी मिळून मळी होते. फॉस्फरसलाही हा चुनाच धरून ठेवतो, चुना नसेल तर तो परत लोखंडात येतो. कार्बन तेवढा मळीत जात नाही. त्याचा वायू होतो, उसळत वर येतो आणि भांड्याच्या तोंडाशी पेटतो. उष्णता इतकी होते की थंडावा यावा म्हणूनच भंगार टाकावं लागतं."

नत्थूजींना पटलं होतं. डोकं तल्लख होतं त्यांचं, खोटं कशाला बोला. पण बाईला बरोबर म्हणायचं म्हणजे जिभेला फोड येणार, म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सदर भागातल्या एका चहाच्या टपरीवर श्रीधर रडकुंडीला आला होता. हा श्रीधर म्हणजे नत्थूजींच्या मते शुद्ध दगड. भट्टीवर नवखा, शब्द पाठ करण्यापलीकडे अक्कल नाही.

"मले त्या ज्योतीचं काही समजून नाही राहिलं, नत्थूजी."

"तुले समजलं तरी काय, सांग!" नत्थूजींनी बशीत चहा ओतला. "आपल्या भट्टीतली ज्योत गॅसची राहते, आपण देतो ती. कन्व्हर्टरच्या तोंडावरची ज्योत कार्बनची. कार्बन जळत जाते, तवर ती उंच. कार्बन संपत आला का ज्योत खाली बसते. खाली बसली का ऑक्सिजन बंद करायचा अन् लान्स वर घ्यायची. शिरलं का टाळक्यात?"

"नाही."

"मंग पाठ कर, गधेड्या. ज्योत खाली, लान्स वर."

श्रीधर ते पुटपुटत झोपायला गेला.

परीक्षा अंधाऱ्या खोलीत होती. पडद्यावर कन्व्हर्टरमध्ये पोलाद होतानाची फिल्म लावायची आणि योग्य क्षणी उमेदवाराने हुकूम द्यायचा, एवढंच. कारखान्याचे एक साहेब आणि अरुंधतीबाई मागे बसले. श्रीधरची पाळी आधी झाली. तो घामाघूम होऊन बाहेर आला आणि म्हणाला, "ओरडलो बा कसातरी."

नत्थूजी आत जाऊन पाय फाकवून उभे राहिले. पडद्यावर कन्व्हर्टर पेटला. सुरुवातीच्या ठिणग्या विरल्या, ज्योत चढली, पांढरी, उंच, गर्जत असावी अशी. फिल्म मुकी होती, पण नत्थूजींच्या कानात आवाज आला. त्यांचा हात नकळत खिशातल्या निळ्या काचेकडे गेला. बाई, साहेब, खोली, सगळं दूर गेलं. समोर आग होती आणि आग त्यांची होती.

ज्योत थरथरली. आखूड झाली. बसू लागली.

"वाढवा!" नत्थूजी गरजले. "अरे मरून राहिली ते, वाढवा!"

प्रोजेक्टरची खरखर तेवढी ऐकू येत होती. पडद्यावर लान्स वर गेली, भांडं कलंडलं. मग बाईंनी दिवा लावला.

"नत्थूजी, तोंडावर काय जळत होतं?"

"कार्बन." आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"ज्योत का बसली?"

"कार्बन संपत आला म्हणून."

"मग तुम्ही ऑक्सिजन वाढवला. त्याने काय जाळलं असतं?"

नत्थूजींनी साहेबांकडे पाहिलं. साहेब घड्याळ बघत होते.

"लोखंड," ते म्हणाले.

बाईंनी मान हलवली आणि पुढच्याला बोलवायला सांगितलं. त्यांनी टोमणा मारला असता तर नत्थूजींना बरं वाटलं असतं. त्या बाईला टोमण्याचीसुद्धा गरज वाटली नव्हती.

निकाल लगेच कळला. श्रीधर कन्व्हर्टरवर, नत्थूजी भंगारात. पोरगं धावत आलं आणि भर व्हरांड्यात त्यांच्या पाया पडलं.

"तुमच्यामुळंच झालं, नत्थूजी. तुमी सांगतलं तेच ओरडलो. पण खरं सांगू, अजूनही नाही समजलं मले. ज्योत बसली का बंद काहून करायचं?"

नत्थूजींच्या तोंडाशी शिवी आली होती. दगड, गधडा, सगळं तयार होतं. पण हा दगड चुकला नव्हता. एवढं सगळं कळूनही चूक करणारा माणूस किती हलक्या प्रतीचा माल असतो, हे त्यांना आज समजलं होतं. आपलीच त्यांना शिसारी आली.

"बस इथं," ते पायरीवर बसत म्हणाले. "पुन्हा सांगतो. नीट ऐक, तुलेच उभं राहायचं हाये तिथं."