सोळा टक्क्यांतली महागाई

सातिवलीच्या कारखान्यात नवं मशीन परवडणार नाही, असा हिशेब मी ठासून मांडला होता. दहा वर्षांची मिळकत आजच्याच भावाने धरली होती आणि शेठना हव्या असलेल्या सोळा टक्के परताव्याच्या दराने ती आजच्या किमतीत आणली होती.

आमच्या वयस्कर अकाउंटंटबाई म्हणाल्या, "या सोळा टक्क्यांत महागाई धरलीय. मग मिळकतीत का नाही? एक तर भाव दरवर्षी वाढवा, नाहीतर दरातून महागाई काढा."

मी चिडलो, पण दोन्ही करून पाहिलं. आठ टक्के महागाई काढल्यावर दर साडेसातच्या आसपास आला. दोन्हीकडून उत्तर एकच आलं: मशीन फायद्याचं.

"शेठना तुम्हीच सांगा," एवढंच त्या म्हणाल्या.

शेठनी मला शाबासकी दिली. बाई शेजारीच होत्या, तरी मी त्यांचं नाव घेतलं नाही. मशीन अजून चालतंय. बाई, ते गणित तुमचं होतं.