‘स’ अक्षराचं पत्र

माझी आत्या सव्वीस वर्षं एकाच शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती. पोरं तिला मागून ‘आकडेबाई’ म्हणायची. कुणाचा दाखल क्रमांक विचारला तर ती रजिस्टर न उघडता सांगायची, आणि वर मुलाच्या आजोबांचंही नाव सांगायची. स्वभावाने तिखट होती. पण त्या पत्राच्या वेळी तिला जो संताप आला होता, तसा मी तिचा कधी पाहिला नव्हता.

नवा क्रमांक मुळात तिचीच कल्पना होती. शाळेत प्राथमिकचं एक जनरल रजिस्टर आणि माध्यमिकचं दुसरं. दोन्हीकडे क्रमांक एकपासून सुरू झालेले, त्यामुळे ४१२ नंबरची मुलं दोन. एकदा आत्या रजेवर असताना बदली माणसाने चुकीचं रजिस्टर उघडलं आणि एका मुलीच्या दाखल्यावर भलत्याच मुलाची जन्मतारीख चढवली. ती मुलगी पुढच्या शाळेच्या दारात आठ दिवस ताटकळत राहिली. तेव्हापासून आत्याने ध्यास घेतला. दोन महिने ती डबा खाताखाता कागदावर आकडे मांडत बसायची.

शेवटी बसवलं ते असं: आधी विभागाचं अक्षर, म्हणजे प्राथमिकला ‘प’ आणि माध्यमिकला ‘म’. मग ज्या शैक्षणिक वर्षात मूल दाखल झालं त्याचे शेवटचे दोन आकडे. मग त्या वर्षीचा चार आकडी अनुक्रमांक, दरवर्षी नव्याने एकपासून. प-१९-००४३ म्हणजे प्राथमिकला २०१९ साली सुरू झालेल्या वर्षात त्रेचाळिसावं दाखल झालेलं मूल. ते पुढच्या फेब्रुवारीत आलं असलं तरी १९च, कारण वर्ष जूनपासून मोजायचं. पुढे माध्यमिकला गेलं तरी क्रमांक बदलायचा नाही. जुना नंबर रजिस्टरात तसाच राहणार, त्याच्या शेजारी नव्या रकान्यात नवा, आणि दाखल्यावर दोन्ही.

“एकदा दिला की जन्माला पुरला पाहिजे,” ती म्हणायची. “नंबर म्हणजे काय कपडा आहे, दरवर्षी बदलायला?”

मुख्याध्यापकांना ते पसंत पडलं. पालकांना समजावणारं पत्र लिही, म्हणाले. आत्याने मसुदा केला, तो संस्थेच्या सचिवांकडे गेला आणि चार दिवसांनी परत आला. समासात हिरव्या शाईत एक ओळ वाढली होती: सवलतीच्या जागेवर दाखल झालेल्या मुलांच्या क्रमांकात विभागाच्या अक्षरानंतर ‘स’ जोडावा.

म्हणजे शेजारच्या बाकावरचं मूल प-१९-००४३ आणि हे मूल पस-१९-००४४.

आत्या मसुदा घेऊन तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. हे सगळं तिने मला नंतर इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथे होते असंच वाटतं.

“सर, हे काय?”

“सचिवांची सूचना आहे. याद्या करायला सोपं जाईल म्हणे.”

“याद्यांसाठी रजिस्टरात सवलतीचा रकाना आहेच की. तो मी बघते, तुम्ही बघता. हा क्रमांक कुठे जाणार माहितीये? ओळखपत्रावर. उत्तरपत्रिकेवर. हजेरीला वर्गात मोठ्याने वाचणार. पोरं काय आंधळी आहेत?”

“अहो, एका अक्षराने काय होतं?”

“आणि सवलत दरवर्षी तपासतात. उद्या बापाला बरी नोकरी लागली, सवलत गेली, तरी ‘स’ जाणार नाही. क्रमांक बदलायचा नाही असं आपणच ठरवलंय. दाखल्यावर जाईल तो. म्हातारपणापर्यंत चिकटेल!”

मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हते, पण वरून हाक आली की ते लगेच मान डोलवायचे. चष्मा पुसत ते म्हणाले, “वरून आलंय. आणि हे बघा, ‘स’ कशाचा ते पत्रात लिहायची गरज नाही. ‘कार्यालयीन सोयीसाठी’ असं घाला नि मोकळ्या व्हा.”

त्या संध्याकाळी आत्याच्या घरी मी होते. तिने पातेलं ओट्यावर असं आदळलं की काका, म्हणजे तिचे यजमान, बाहेरून ओरडले, “पातेल्याने काय घोडं मारलंय?”

“माझ्याच हाताने केलेली वस्तू, आणि तिला विष लावून मलाच वाढायला सांगतायत,” आत्या म्हणाली. मग मटकन खाली बसली आणि जे कधी बोलली नव्हती ते बोलली. तिच्या लहानपणी वर्गात मोफत वह्या मिळणाऱ्या मुलींना गुरुजी उभं करायचे. एक मुलगी उभी राहताना फ्रॉकचं ठिगळ हाताने झाकायची. “आम्ही हसायचो. मीसुद्धा. मीच जास्त. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही शाळेत. आणि आता मी उभं करू पोरांना? छापील?”

“मग लिहू नकोस पत्र,” काका म्हणाले.

“मी नाही लिहिलं तर दुसरा लिहील. मऊ मऊ लिहील. कुणाला कळणारही नाही.” ती उठली आणि पातेलं सरळ केलं. “पालकांना क्रमांक समजावून सांगायचाय ना? मग सांगतेच समजावून.”

दुसऱ्या दिवशी तिने पत्र टाईप केलं. प म्हणजे काय, म म्हणजे काय, वर्षाचे आकडे कसे, अनुक्रमांक कसा, जुन्या नंबरचं काय होणार, सगळं उदाहरणासकट. आणि पाचवा मुद्दा: ‘काही क्रमांकांत विभागाच्या अक्षरानंतर स हे अक्षर असेल. त्याचा अर्थ, विद्यार्थी सवलतीच्या जागेवर दाखल झाला आहे. हा क्रमांक ओळखपत्र, हजेरीपट, उत्तरपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला या सर्वांवर राहील. सवलत बंद झाली तरी अक्षर बदलणार नाही.’ खाली पालकांच्या सहीसाठी फाडून द्यायची चिठ्ठी.

यात एक शब्द खोटा नव्हता. एक शब्द जास्तीचाही नव्हता.

तिने पत्र मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “सर, वाचून सही करा.” ते फोनवर होते. त्यांनी पहिला परिच्छेद पाहिला, मान हलवली आणि सही ठोकली. “पूर्ण वाचा, सर,” ती पुन्हा म्हणाली. त्यांनी हातानेच ‘जा’ म्हणून खुणावलं.

पत्रं वाटली गेली. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच ऑफिसच्या खिडकीशी एक बाई उभी होती. हॉस्पिटलात चादरी धुण्याच्या कामाला होती; हात पांढरेफटक पडलेले. तिने पत्राची घडी उलगडली.

“बाई, माझ्या पोराचा नंबर सांगता?”

आत्याने सांगितला. पस-२१-००१७.

“काल हजेरीला नवे नंबर वाचले, नि वर्गात लगेच सुरू झालं,” ती बाई म्हणाली. “‘पसा आला, पसाभर द्या याला.’ पोरगं रात्री जेवलं नाही. मी अर्ज केला तेव्हा तुम्हीच म्हणाला होता, हे फक्त ऑफिसात राहील.”

आत्याला मान वर करता येईना. ते तीच म्हणाली होती. “तुमची तक्रार लिहून द्या,” ती म्हणाली. “लिहिता येत नसेल तर तुम्ही सांगा, मी लिहिते.”

“लिहिता येतं मला,” त्या बाईने तिला सुनावलं, आणि खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून उभ्याउभ्या लिहिलं.

दुपारपर्यंत चिठ्ठ्या यायला लागल्या. निम्म्याहून जास्त सहीशिवाय. ज्यांच्या मुलांना ‘स’ नव्हता तेही चिडले होते. एका दातांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे लिहिलं होतं, ‘माझ्या मुलीच्या नंबरात हे अक्षर नाही याची मला लाज वाटते.’ एका ड्रायव्हरने नुसतंच मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. आत्याने प्रत्येक कागद आवक नोंदवहीत चढवला, तारीख आणि क्रमांक टाकून. एकदा तिथे नोंद झाली की कागद कुणाला गिळता येत नाही.

तिसऱ्या दिवशी सचिव आले. ऑफिसात उभं राहूनच गरजले, “हे पत्र कुणी लिहिलं?”

“मी.”

“अर्थ फोडायला कुणी सांगितला तुम्हाला?”

“पत्राचा विषयच तो होता साहेब. नव्या क्रमांकाचा अर्थ.”

“शाळेची अब्रू घालवलीत!”

“अक्षर तुमचं,” आत्या म्हणाली. “मी फक्त ते मोठ्याने वाचलं. मोठ्याने वाचायची लाज वाटते असलं अक्षर पोरांच्या गळ्यात अडकवता कशाला?”

शिपाईमामा पाण्याचा ग्लास घेऊन दारातच थिजले. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत राहिले, जणू मैदानात काहीतरी फार महत्त्वाचं चाललं होतं.

आठवडाभरात ‘स’ गेला. सगळे क्रमांक आत्याने मांडले होते तसे झाले. ओळखपत्रं अजून छापायला गेली नव्हती, ते बरं झालं. पण दुसरं पत्र निघालं, आणि ते आत्याला टाईप करायला दिलं: ‘पूर्वीच्या पत्रात लिपिकाच्या नजरचुकीमुळे एक अक्षर अधिक पडले. दिलगीर आहोत.’

ती वाचून जागची उठली. “मी हे टाईप करणार नाही.”

“अहो, प्रकरण मिटतंय ना,” मुख्याध्यापक म्हणाले. “पोरांचं भलं झालं. तुमचं काय जातंय?”

“माझं नाव जातंय! चोवीस वर्षांत माझ्या हातून एक तारीख चुकली नाही. तुमचं पाप माझ्या बोटांवर पुसताय?”

पत्र शेवटी दुसऱ्याने टाईप केलं आणि वाटलंही गेलं. आत्याला मेमो मिळाला आणि रजिस्टरं तिच्याकडून काढून तिला ग्रंथालयात पुस्तकांना लेबलं लावायला बसवलं. मेमोचं उत्तर तिने चार पानी दिलं. हिरव्या शाईतल्या ओळीची झेरॉक्स जोडली, आणि जायच्या आधी स्वतःच्या हाताने आवक वहीत नोंद करून आली. त्या उत्तराला कधी उत्तर आलं नाही.

दुसरं पत्र निघाल्यावर ती चादरीवाली बाई ग्रंथालयात तिला शोधत आली. “बाई, चूक तुमची म्हणे?”

आत्या लेबल चिकटवत राहिली.

ती बाई जरा हसली. “पाच मुद्दे घालून, उदाहरण देऊन, इतकी व्यवस्थित चूक कुणी करतं का? आम्हाला काय येडं समजतात?”

आत्याचे डोळे भरले, पण राग काही उतरला नाही. दीड वर्षाने ती निवृत्त झाली. निरोप समारंभाला मुख्याध्यापकांनी तिच्या ‘अचूक कामाचं’ तोंड भरून कौतुक केलं. ती उठली, म्हणाली, “हे लेखी द्या,” आणि खाली बसली. सभागृहात कुणाला हसावं की नाही ते कळेना. लेखी आजतागायत मिळालेलं नाही. ती दर सहा महिन्यांनी अर्ज करते, आणि पोच घेतल्याशिवाय परत येत नाही.